ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

तालुक्याच्या गावी एक छोटं वाचनालय आहे, असं समजू. सभासदांची यादी, देणग्यांच्या पावत्या, ऑडिटचे हिशेब, सगळं गूगल ड्राइव्हवर. ते सांभाळणारी कार्यकर्ती आता परगावी निघाली आहे. जाताना ती पासवर्ड लिहून देते. नवा कार्यकर्ता तो टाकतो, आणि ओटीपी जातो तिच्याच फोनवर.

म्हणून सुपूर्दनाम्यात प्रत्येक खात्यापुढे पासवर्डाआधी दोन गोष्टी हव्यात: खातं कुणाच्या नावावर आहे आणि ओटीपी कोणत्या नंबरवर येतो. ईमेल, बँक, आयकराचं पोर्टल, प्रत्येकासाठी हे वेगळं लिहावं लागतं. गूगल एकदाच वापरता येणारे दहा राखीव कोड देतं. ते छापून पासवर्डासह बंद पाकिटात, संस्थेच्या कपाटात ठेवावेत. सुपूर्दनाम्यात फक्त पाकीट कुठे आहे एवढंच लिहावं, कारण तो कागद अनेकांच्या हाती जातो.

खरी गुंतागुंत फोल्डरची आहे. फोल्डर सगळ्यांना दिसतो म्हणून तो संस्थेचा आहे असं वाटतं, पण वैयक्तिक खात्यांत प्रत्येक फाइलची मालकी ती तयार करणाऱ्याकडेच राहते. फोल्डरची मालकी दुसऱ्याला दिली तरी आतल्या फायली जुन्याच मालकाकडे राहतात. पुढे तिने ते खातं बंद केलं, किंवा दोन वर्षं उघडलंच नाही म्हणून गूगलने ते काढून टाकलं, तर पावत्याही गेल्या. त्यामुळे निघण्यापूर्वी तिने ड्राइव्हच्या शोधपट्टीत `owner:me` लिहून स्वतःच्या मालकीच्या फायली काढाव्यात आणि त्यांतल्या संस्थेच्या फायली संस्थेच्या जीमेल खात्याकडे सोपवाव्यात. नव्या मालकाने ईमेलमधून होकार दिल्याशिवाय मालकी बदलत नाही. तो होकार इथे बहुधा राहून जातो.

बॅकअपबाबतही असाच गैरसमज असतो. लॅपटॉपवर ड्राइव्हचा फोल्डर दिसतो, तो हार्ड डिस्कवर उतरवला की झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात गूगल डॉक्स आणि शीट्सच्या तिथल्या फायली म्हणजे नुसते दुवे असतात, मजकूर ऑनलाइनच राहतो. खरी प्रत हवी तर गूगल टेकआउटमधून तो वर्ड-एक्सेलच्या रूपात उतरवून घ्यावा लागतो. महिन्यातून एकदा, दोन डिस्कवर आलटून पालटून, एक कार्यालयात आणि एक विश्वस्तांच्या घरी, एवढं छोट्या संस्थेला पुरतं. कोणती डिस्क कुठे आहे आणि शेवटची प्रत कधी घेतली, हे सुपूर्दनाम्यात तारखेसह असावं.

शेवटी ती गावात असतानाच नव्या कार्यकर्त्याने इंटरनेट बंद करून डिस्कवरून गेल्या वर्षीची एखादी पावती उघडून पाहावी. मग पाकिटातला एक कोड वापरून, तिच्या फोनची मदत न घेता, खात्यात शिरावं. पाकिटावर 'नऊ शिल्लक' असं लिहावं आणि त्यानंतरच खात्यातून तिचा नंबर काढावा.