एकच कॉल, तीन लेव्हल

अमेरिकेत ब्रोकरकडे खातं उघडलं म्हणजे लगेच ऑप्शन विकता येतात असं नाही. त्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो. उत्पन्न, मालमत्ता, अनुभव आणि उद्देश पाहून ब्रोकर लेव्हल ठरवतो. ऑप्शन खात्याला मंजुरी हवीच, हा फिनरा या नियामक संस्थेचा नियम. लेव्हल किती आणि त्यांचे आकडे कोणते, हे मात्र प्रत्येक ब्रोकर आपापलं ठरवतो. त्यामुळे एकाकडची 'लेव्हल २' दुसरीकडे वेगळीच निघू शकते.

एकच सौदा घेऊन पाहू. शेअर ५० डॉलरला आहे. ५५ च्या स्ट्राइकचा कॉल १ डॉलर प्रीमियमला विकला. एका काँट्रॅक्टमध्ये १०० शेअर, म्हणजे हातात १०० डॉलर आले.

खात्यात ते १०० शेअर असतील तर हा कव्हर्ड कॉल, बहुतेक ठिकाणी पहिलीच पायरी. भाव ८० वर गेला तरी शेअर ५५ ला देऊन मोकळं व्हायचं. वरचा नफा हुकला, एवढंच. पण शेअर ३० वर आला तर २,००० डॉलरचं नुकसान आपलंच, त्यातून प्रीमियमचे १०० वजा. पहिली पायरी म्हणजे बिनधोक, असं कुणी समजू नये.

नुसते कॉल-पुट विकत घेण्याची परवानगी बऱ्याचदा पुढच्या लेव्हलवर मिळते. गंमत म्हणजे तिथे भरलेल्या प्रीमियमपलीकडे काही जात नाही. फक्त तो सगळाच्या सगळा बुडू शकतो, आणि वारंवार बुडतो.

त्याच्या वर स्प्रेड. त्यासाठी सहसा मार्जिन खातं लागतं. शेअर नाहीत, पण ५५ चा कॉल विकताना ६० चा कॉल ४० सेंटला घेऊन ठेवला. हाती ६० डॉलर राहिले आणि एक्स्पायरीला तोटा जास्तीत जास्त ४४० डॉलर. मात्र लाभांशाच्या तोंडावर विकलेला कॉल मुदतीआधीच अंगावर आला, तर खात्यात नसलेले शेअर द्यायची वेळ येते. मग घेतलेल्या कॉलचं काय करायचं ते तातडीने ठरवावं लागतं.

सगळ्यात वर नेकेड रायटिंग: ना शेअर, ना दुसरा कॉल. नेहमीच्या किमान नियमाने या कॉलसाठी सुरुवातीला ६०० डॉलर मार्जिन पुरतं, प्रीमियम त्यात धरून. ब्रोकर बहुधा जास्तच मागतो. आता कंपनी विकत घेतली जाणार असल्याची बातमी रात्री आली आणि शेअर सकाळी ८० वर उघडला. तोटा २,४०० डॉलर, आणि मार्जिन ४,१०० च्या वर. मध्ये भावच नव्हता, त्यामुळे स्टॉपलॉस ५६ ला लावलेला असला तरी उपयोग नाही. नेकेड पुटमध्ये शेअर फार तर शून्यावर येतो, कॉलला वर मर्यादाच नाही. म्हणून काही ब्रोकर नेकेड कॉलला पुटच्याही वर ठेवतात. मार्जिन कमी पडलं तर ब्रोकर खातेदाराला न विचारताही सौदा कापू शकतो, आणि खातं उणे झालं तर ती रक्कम खातेदाराकडून वसूल करतो.