‘सुधारणा आवश्यक’ – परंतु कोणती?

वर्षातून दोनदा, एकदा हिवाळ्यात पहिले सत्र संपताना आणि एकदा जूनअखेर, इस्राएलमधील प्राथमिक शाळांची मुले ‘तेउदा’ घेऊन घरी येतात. मुंबई-कोकणात ज्याला आम्ही प्रगतिपुस्तक म्हणत आलो, तेच हे. त्यात विषयवार श्रेणी असतात आणि त्यांच्या खाली वर्गशिक्षिकेने लिहिलेल्या काही ओळी असतात. या ओळींत एक जोडशब्द वारंवार आढळतो, ‘ताऊन शिपूर’, अर्थात सुधारणा आवश्यक. मराठी प्रगतिपुस्तकांतील ‘प्रगती साधारण’, ‘लक्ष द्यावे’, ‘प्रयत्न हवेत’ हे शेरे त्याचीच भावंडे होत. आमच्या समाजातील कित्येक भगिनी शिक्षिका आहेत आणि बहुतेक घरांत शाळेत जाणारे मूल आहे. म्हणून शेरा लिहिणाऱ्या व शेरा वाचणाऱ्या अशा दोन्ही पक्षांसाठी या विषयाचा थोडा विचार येथे मांडीत आहोत.

प्रथम हा शेरा वाचतो कोण, ते पाहू. शिक्षिका समजते की, आपण आईबापांना लिहीत आहोत. पण ज्या घरांत वडीलधाऱ्यांचे हिब्रू वाचन कच्चे आहे, तेथे मूल स्वतःच तेउदा उघडते आणि आजी-आजोबांना त्याचा अर्थ सांगते. म्हणजे शेऱ्याचा पहिला वाचक आणि दुभाषी तेच मूल असते. ‘वाचनात सुधारणा आवश्यक’ एवढेच जर त्याला वाचून दाखवावे लागले, तर त्याच्या हाती लाज येते, उपाय येत नाही. आजोबा विचारतात, “म्हणजे तुला काय येत नाही?” मुलाजवळ याचे उत्तर नसते, कारण ते त्या ओळीतच नसते.

आता एक कल्पित परंतु नित्य आढळणारे उदाहरण घेऊ. मुलगा ‘कीता गिमेल’मध्ये, म्हणजे तिसरीत आहे. वर्गात मोठ्याने वाचताना अडखळतो. ‘वाचनात सुधारणा आवश्यक’ हा शेरा लिहिणे येथे अगदी सोपे आहे. परंतु वाचन ही एकच क्रिया नव्हे. अक्षर ओळखणे, शब्द अचूक उच्चारणे, न अडखळता वाचणे आणि वाचलेल्याचा अर्थ समजणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत. मूल यांपैकी कोठे अडते, हे कळल्याखेरीज उपयोगी शेरा लिहिताच येत नाही.

हिब्रूच्या बाबतीत आणखी एक विशेष आहे. पहिलीत मुले निकूद, म्हणजे अक्षरांखाली-वर दिलेल्या स्वरचिन्हांसह वाचायला शिकतात. पुढे तिसरी-चौथीच्या सुमारास ही चिन्हे हळूहळू गळतात आणि केवळ व्यंजनांवरून शब्द ओळखावा लागतो. सामेख, पे, रेश ही तीन अक्षरे ओळीने आली तर तो शब्द ‘सेफेर’ म्हणजे पुस्तक असेल, ‘सापार’ म्हणजे न्हावी असेल, किंवा ‘साफार’ म्हणजे त्याने मोजले असेल. यांपैकी कोणता, हे वाक्यच सांगते. काना, मात्रा, वेलांटी लिहिणाऱ्या लिपीवर वाढलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. सिद्दूरमधील प्रार्थना स्वरचिन्हांसह छापलेल्या असतात. त्या अस्खलित म्हणणारे कित्येक गृहस्थ हिब्रू वृत्तपत्र हाती घेताच थबकतात, ते याच कारणाने.

आमच्या उदाहरणातील शिक्षिकेने त्या मुलाला एका निवांत वेळी जवळ बसवले. साठ शब्दांचा एक सोपा परिच्छेद स्वरचिन्हांसह वाचायला दिला, तेव्हा दोन चुका झाल्या. तेवढाच मोठा आणि तितकाच सोपा दुसरा परिच्छेद स्वरचिन्हांविना दिला, तेव्हा अकरा चुका झाल्या. या अकरांपैकी आठांत व्यंजने बरोबर होती, फक्त स्वर चुकले होते. दोन ठिकाणी वाक्य संपल्यावर मुलगा आपणहून मागे गेला आणि शब्द दुरुस्त केला. नंतर तिने तिसरा परिच्छेद स्वतः वाचून दाखवला व पाच प्रश्न विचारले. पाचही उत्तरे बरोबर आली. या साऱ्याला दहा-बारा मिनिटे लागली आणि ‘वाचन कच्चे’ या धूसर शब्दांमागचे खरे चित्र उघड झाले. मुलाला अक्षरे येतात, अर्थ कळतो, चूक कशी शोधावी याची जाणीवही आहे. अडते ते केवळ स्वरचिन्हांचा आधार सुटतो तेथे.

मग शेरा असा झाला: “स्वरचिन्हे असलेला मजकूर तू आता जवळजवळ निर्दोष वाचतोस आणि ऐकलेली गोष्ट तुला नीट समजते. चिन्हे नसली की काही शब्दांचे स्वर चुकतात, पण दोन वेळा तू वाक्य पुरे करून स्वतःच मागे आलास आणि चूक सुधारलीस. पुढील सत्रात आपण हीच सवय वाढवू. शब्द अडला तरी वाक्याच्या शेवटापर्यंत जायचे आणि मग परत यायचे. घरी रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचावे. ऐकणाऱ्याने चूक लगेच सांगू नये, वाक्य संपेपर्यंत थांबावे.”

या शेऱ्याची बांधणी पाहा. आधी काय येते ते पुराव्यानिशी सांगितले. नंतर काय अडते ते एकच सांगितले, चार नव्हे. शेवटी शाळा काय करील आणि घराने काय करावे हे साध्या वाक्यांत आले. यात दोष लपवलेला नाही. ‘छान मुलगा, असाच प्रगती करीत राहो’ असे लिहून अडचण झाकणे म्हणजे दया नव्हे, कारण त्याने मुलाचे पुढले सत्र वाया जाते. दोष मुलाच्या स्वभावाला न चिकटवता कामाच्या एका नेमक्या जागी ठेवणे, यात खरी दया आहे.

घरात हिब्रू वाचणारे कोणी नसले तरी शेवटचा उपाय करता येतो. नातवंडाला मराठी कळत असेल, तर त्याने हिब्रूत वाचावे आणि आजीला ती गोष्ट मराठीत सांगावी. सांगणे सुसंगत उतरले, तर वाचलेले समजले असे खुशाल मानावे. ते तुटक झाले, तर कोणत्या ओळीपाशी धागा सुटला हे मूल स्वतःच दाखवू शकते.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. हाच मुलगा स्वरचिन्हांसह वाचतानाही पुष्कळ चुकला असता, दालेतला रेश किंवा बेतला काफ समजला असता, तर अडचण निराळी ठरली असती आणि वरील उपाय निरुपयोगी झाला असता. तिसरीतही अशा चुका टिकून असतील, तर तो विषय प्रगतिपुस्तकाच्या दोन ओळींचा राहत नाही. पालकांना बोलावून समक्ष सांगावे आणि तपासणी तज्ज्ञाकडून करवावी. शिक्षिकेने शेऱ्यात एखाद्या विकाराचे नाव लिहिणे सर्वथा अनुचित होय. तिने काय पाहिले तेवढेच लिहावे. तसेच गंभीर गोष्ट आईबापांना प्रथमच तेउद्यातून कळता कामा नये. ‘योम होरीम’च्या, अर्थात पालकभेटीच्या दिवशी किंवा त्याआधी ती बोलली गेलेली असावी. लेखी शेरा त्या बोलण्याची आठवण ठरावा, धक्का ठरू नये.

गणितातही हाच न्याय लागू आहे. बावन्नातून अडतीस वजा करताना एक मुलगी सव्वीस लिहिते, त्रेसष्टातून सत्तावीस वजा करताना चव्वेचाळीस. ‘वजाबाकी कच्ची’ असे लिहून भागत नाही. दोन्ही उत्तरे तपासली तर दिसते की, ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, मग तो वर असो वा खाली. हातचा न लागणारी उदाहरणे तिची सर्व बरोबर येतात. तेव्हा शेऱ्यात लिहावे की, हातचा घ्यावा लागत नाही तेथे ती अचूक आहे. वरचा अंक लहान असेल तेव्हा एक दशक सुटे करण्याचा सराव दहा-दहा काड्यांच्या जुड्या सोडून करायचा आहे. वर्तनाच्या बाबतीत ‘चंचल’ हा शब्द असाच फसवा आहे. ‘तोंडी गोष्ट चालू असता शेवटपर्यंत बसतो, लेखी कामात दहाएक मिनिटांनी उठतो, काम दोन भागांत दिले की पुरे करतो’ या वाक्यात मुलाचे वर्णनही आहे आणि उपायही.

प्रश्न उरतो वेळेचा. तीस मुलांच्या वर्गात हे सारे सत्राच्या शेवटच्या आठवड्यात आठवून लिहू पाहणारीला ठरावीक शब्दांचाच आश्रय घ्यावा लागतो. महाराष्ट्रात 2010 नंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहिणे शिक्षकांच्या वाट्यास आले. त्याबरोबर तयार नोंदींच्या याद्याही हातोहात फिरू लागल्या. यादीतून उतरवलेले वाक्य लांब असले तरी धूसरच राहते. यावर साधा तोडगा वहीचा. प्रत्येक मुलाला एक पान द्यावे आणि दररोज पाच मुलांकडे मुद्दाम पाहून तारखेसह एक ओळ लिहावी. सहा दिवसांच्या आठवड्यात तीसही मुले होतात. ओळीत मत नको, घडलेली गोष्ट हवी. ‘आळशी’ नव्हे, तर ‘गृहपाठ तीनदा आणला नाही, वर्गातले लेखन पुरे केले’. सत्राअखेर अशा दहा-बारा ओळी समोर असल्या की शेरा जणू त्यांतूनच निघतो.

लिहून झाल्यावर शेऱ्याची पारख करावी. मुलाचे नाव हाताने झाकून वाचावे. तोच शेरा वर्गातील आणखी पाचांना चालत असेल, तर तो पुन्हा लिहावा. ‘बहिणीसारखी हुशार नाही’ अशी तुलना आली असेल, तर ती खोडावी. आणि हे वाक्य त्या मुलासमोर, त्याच्या डोळ्यांत पाहून, आपण मोठ्याने वाचू शकू का, असे स्वतःस विचारावे.

पालकांसही आमची एक विनंती आहे. तेउद्यात ‘ताऊन शिपूर’ दिसले तर मुलावर रागावण्याआधी त्याच्या वर्गशिक्षिकेस तीन गोष्टी विचाराव्या: त्याला यातले काय येते, तो नेमका कोठे अडतो आणि या महिन्यात घरी आम्ही कोणती एक गोष्ट करावी. सोबत मुलाची वही न्यावी व ज्या पानावर तो अडला ते पान दाखवावयास सांगावे. हिब्रू बोलण्याचा संकोच वाटत असेल, तर हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरेही तेथेच लिहून घ्यावीत.