लसीविरुद्धचा तो लेख मागे घेतलेला आहे

सानगडीत गोवर-रुबेला लसीच्या वेळी एका आईने आम्हाला मोबाईल दाखवला: लसीने मूल स्वमग्न होते, ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलंय म्हणे. आलं होतं खरं, १९९८ मध्ये. वेकफिल्ड यांचा १२ मुलांवरचा लेख.

आम्ही तिच्यासमोरच PubMed उघडून त्या लेखाचा क्रमांक, 9500320, टाकला. क्रमांक नसेल तर शीर्षक टाकावं. शीर्षकाआधीच RETRACTED दिसलं. म्हणजे नियतकालिकाने तो मागे घेतलाय, २०१० मध्ये. मुलं निवडून न घेता ओळीने आलेली होती, नीतिसमितीची परवानगी होती, हे दावे खोटे ठरले.

Erratum in दिसलं, तर फक्त दुरुस्ती. काय बदललं ते वाचावं. लेख पूर्ण मागे घ्यायला इथे १२ वर्षं लागली, म्हणून शिक्का नाही म्हणजे लेख खरा, असंही धरू नये.