‘बनगरवाडीसारखी दुसरी आहे का?’

वाचनालयात कादंबरी परत करताना वाचक ती लगेच टेबलावर ठेवत नाही, क्षणभर हातातच धरतो, तेव्हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘अशीच दुसरी एखादी आहे का?’ ‘अशी म्हणजे कशी?’ असं उलट विचारलं की त्याची अडचण होते. ‘छान आहे’, ‘मनाला भिडली’, ‘सोडवत नव्हती’ याच्या पलीकडे त्याला काही सांगता येत नाही. मग आपण कपाटाकडे वळतो आणि सोपा मार्ग धरतो. त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक देतो, नाहीतर त्याच विषयावरचं. आठ दिवसांनी ते अर्धवट वाचून परत येतं.

यात वाचकाचा दोष नाही. आवडण्याची कारणं शब्दांत मांडणं हे समीक्षकाचं काम आहे. वाचकाकडे दुसरी माहिती असते आणि ती भरपूर असते, फक्त ती त्याच्याकडून वेगळ्या वाटेने काढून घ्यावी लागते. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी या कामाची रीतसर पद्धत बसवली आहे. इलिनॉय राज्यातल्या डाउनर्स ग्रोव्ह गावच्या ग्रंथपाल जॉइस सॅरिक्स यांनी नॅन्सी ब्राउन यांच्यासोबत 1989 मध्ये या विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा साधा होता. पुस्तक कशाविषयी आहे, यापेक्षा ते वाचताना कसं वाटतं, यावर आवड जास्त अवलंबून असते. कथा धावते की रमतगमत जाते, माणसं जवळून दिसतात की दुरून, घटना बाहेर घडतात की मनात, आणि सगळ्यामागचं वातावरण कसं आहे, हे पाहायचं. आणि वाचकाला ‘तुम्हाला काय आवडतं?’ असं न विचारता ‘आवडलेल्या एखाद्या पुस्तकाबद्दल सांगा’ असं म्हणायचं. मग तो काय सांगतो याच्याइतकंच तो कसं सांगतो, याकडे लक्ष द्यायचं.

आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका काकांचं उदाहरण सांगतो, म्हणजे पद्धत नीट कळेल. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचून झाली आणि त्यांनी तोच ठरलेला प्रश्न विचारला. 1955 साली आलेली ही लहानशी कादंबरी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला जातो, तिथली माणसं हळूहळू त्याला आपलंसं करतात, आणि शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते. आमच्याकडे तिच्यावर ‘ग्रामीण’ अशी चिठ्ठी आहे. त्या चिठ्ठीला धरून काकांना आनंद यादवांची ‘गोतावळा’ दिली गेली. निवड वरवर चांगली होती. दोन्हींत गाव आहे, जनावरं आहेत, संपत चाललेली एक जगण्याची रीत आहे. काकांनी ती थोडी वाचून परत आणली. म्हणाले, ‘पुस्तक वाईट नाही हो, पण माझा जीव गुदमरला.’

खरं तर या एका वाक्याने बरंच काम केलं. न आवडलेलं पुस्तक आवडलेल्याइतकंच उपयोगी असतं, आणि दोन्ही एकाच विषयाची असतील तर फारच. विषय सारखा असूनही एक आवडलं आणि एक नाही, याचा अर्थ आवडीचं कारण विषयाबाहेर आहे. मग दोन्हींत फरक कुठे आहे ते शोधायचं. ‘गोतावळा’ नारबा नावाचा शेतगडी स्वतः, आपल्या बोलीत सांगतो. वाचक सबंध पुस्तकभर त्याच्या मनात राहतो, त्याचा एकटेपणा आणि जनावरांवरची माया आतून भोगतो. तिची ताकदच ती आहे. ‘बनगरवाडी’तही ‘मी’ आहे, पण तो मास्तर आहे, बाहेरून आलेला. तो स्वतःविषयी थोडं बोलतो आणि समोरच्या माणसांकडे जास्त बघतो. वाक्यं लहान, मोकळी. काका ज्याला गुदमरणं म्हणत होते, ते बहुधा या आत-बाहेरच्या फरकाचं नाव होतं.

पण ‘बहुधा’वर थांबून चालत नाही. काकांना म्हटलं, ‘बनगरवाडी मी वाचलीच नाही असं समजा आणि मला सांगा.’ अशा वेळी मध्ये बोलायचं नाही. वाचक सुरुवात कुठून करतो, कशावर रेंगाळतो आणि काय गाळतो, हे मनात टिपत राहायचं. काकांनी दुष्काळ एका वाक्यात उरकला. वाडीने मिळून बांधलेल्या तालमीचा उल्लेख जाता जाता केला. रेंगाळले ते वाडीवर नवा असलेल्या मास्तरावर : त्याला कुणी कसं जोखलं, म्हाताऱ्या कारभाऱ्याने त्याला कसं हाताशी धरलं, आनंदा रामोश्यासारख्या भुरट्या चोराशीसुद्धा त्याची कशी ओळख झाली. मग न विचारता स्वतःचंच सांगू लागले. मुक्कामी गाडी घेऊन आडगावी जायचं, देवळात नाहीतर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झोपायचं, हळूहळू घराघरांतून भाकरीचं बोलावणं यायचं, आणि एक दिवस ड्युटी बदलली की ते गाव संपायचं.

नॅन्सी पर्ल या सिअ‍ॅटलच्या प्रसिद्ध ग्रंथपाल म्हणतात की कादंबरीत शिरायला चार दारं असतात : कथानक, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. प्रत्येक पुस्तकात यांतलं एखादं दार मोठं असतं आणि प्रत्येक वाचकाचंही एक लाडकं दार असतं. मांडणी कामाची आहे, पण मला ती अपुरी वाटते. काका पात्रांच्या दारातून आत गेले असं म्हणता येईल, पण तेवढ्यावरून त्यांना ‘गोतावळा’ का नको झाली हे कळत नाही, कारण नारबाही जिवंत पात्र आहे. मराठी कादंबऱ्यांबाबत मी आणखी एक प्रश्न नेहमी विचारतो : सांगणारा कुठे उभा आहे? गावातलाच आहे, गाव सोडून गेलेला आहे, की बाहेरून आलेला? ‘ग्रामीण’ या एका चिठ्ठीखाली हे तिघेही येतात आणि त्यांची पुस्तकं वाचण्याचा अनुभव अगदी वेगवेगळा असतो.

आता अंदाज तपासायचा. यासाठी एकच पुस्तक देऊ नये. तीन द्यावीत आणि प्रत्येकाचं मूळ पुस्तकाशी एकाच बाबतीत साम्य असावं. काकांसाठी आम्ही अशी तीन काढली. पहिलं माडगूळकरांचंच ‘माणदेशी माणसं’ : तोच मुलूख, तोच हात, पण सुटी व्यक्तिचित्रं. दुसरं त्यांचंच ‘सत्तांतर’ : तीच संयमी, न्याहाळणारी नजर, पण गोष्ट वानरांच्या टोळ्यांची, गाव कुठेच नाही. तिसरं बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘आरण्यक’चा मराठी अनुवाद : मुलूख बिहारचा, भाषा पसरट आणि रानाच्या वर्णनात रमणारी, गती संथ. म्हणजे बहुतेक बाबतींत ‘बनगरवाडी’च्या उलट. साम्य इतकंच की कलकत्त्याचा एक शिकलेला तरुण जंगलातल्या जमिनीची व्यवस्था पाहायला जातो, तिथल्या माणसांत गुंततो आणि अखेर निघून येतो.

असं वाचताना पुस्तक पुरं करण्याची सक्ती नसावी. पर्ल यांचा एक नियम आहे : पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने 50 पानं वाचून ठरवावं, त्यापुढच्यांनी 100 मधून आपलं वय वजा करावं आणि तेवढीच पानं द्यावीत. आपल्याकडच्या सव्वाशे-दीडशे पानांच्या कादंबऱ्यांना वीसेक पानं पुरतात. मात्र ठेवून देताना कुठे ठेवलं आणि त्या वेळी काय वाटत होतं, ते आठवणीत ठेवावं. ‘कंटाळा आला’ या उत्तराचा उपयोग नसतो. ‘अजून काही घडेना’ आणि ‘इतकं घडत होतं की माणसं दिसेनात’ हे दोन्ही कंटाळेच, पण उलट दिशांना नेणारे.

काकांनी ‘सत्तांतर’ लवकर ठेवलं. ‘माणदेशी माणसं’ आवडीने संपवलं, पण म्हणाले, ‘एकाशी ओळख झाली की दुसरा येतो.’ ‘आरण्यक’ला खूप दिवस लागले, मुदत वाढवून घेतली, आणि तेच पुस्तक त्यांना सोडवेना. याचा अर्थ लेखक, मुलूख, छोटी वाक्यं, मोजकी पानं यांपैकी कशावरच त्यांची आवड अडून नव्हती. त्यांना हवा होता कामानिमित्त परक्या ठिकाणी गेलेला, तिथे मुरलेला आणि शेवटी निघावं लागणारा माणूस, आणि त्याच्यासोबत एकाच ठिकाणी बराच काळ राहायला मिळणं.

हे कळल्यावर ‘ग्रामीण’चं कपाट सोडता आलं. पुढचं पुस्तक म्हणून त्यांना प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ दिली. हिमालयात सैन्यासाठी रस्ता बांधायला गेलेला तरुण इंजिनिअर, त्याच्याभोवतीचे मजूर आणि अधिकारी, दरडी, बर्फ. धनगर नाहीत, वाडी नाही, माणदेश तर नाहीच. ‘बनगरवाडी’च्या वाचकाला ही कादंबरी कुठल्याही विषयवार यादीने सुचवली नसती. काकांनी ती दोन रात्रींत संपवली.

ही पद्धत दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे वाचकाची त्या वेळची मनःस्थिती. कॅनडाच्या संशोधक कॅथरिन शेल्ड्रिक रॉस यांनी भरपूर वाचणाऱ्या लोकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा पुस्तक निवडताना मनःस्थिती फार महत्त्वाची ठरते असं त्यांना आढळलं. ताणाच्या काळात लोक ओळखीचं, भरवशाचं वाचतात. मन निवांत असलं की नव्याला हात घालतात. म्हणून ‘तेव्हा काय आवडलं’ याबरोबर ‘आत्ता काय झेपेल’ हेही विचारावं. घरात आजारपण चालू असलेल्या माणसाला ‘आरण्यक’ची संथ पानं जड जातील, आणि दोष पुस्तकावर किंवा आपल्या अंदाजावर जाईल.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. कधी कधी आवडलेलं पुस्तक हे त्या वयाशी, त्या दिवसांशी बांधलेलं असतं. सोळाव्या वर्षी ‘मृत्युंजय’ने भारावलेला वाचक चाळिशीत ‘तसंच’ मागतो. तेव्हा त्याला रणजित देसाईंची ‘राधेय’ द्यावी, की कर्णाला सोडून दुसऱ्या एखाद्या डावललेल्या माणसाची गोष्ट द्यावी, हे ठरवण्याआधी एक चाचणी करता येते. त्याला ‘मृत्युंजय’ची पहिली वीस पानं पुन्हा वाचायला सांगायची, बाकी काही नाही. ती आजही त्याला ओढत असतील, तर जे हवं आहे ते पुस्तकात आहे आणि वर सांगितलेल्या रीतीने शोधता येतं. पानं थंड वाटली आणि तरी मागणी तीच राहिली, तर त्या मूळ पुस्तकाच्या जवळपास शोधण्यात अर्थ नाही. तिथे नवीनच प्रश्न विचारावा : गेल्या वर्षभरात शेवटपर्यंत वाचलेली, मग ती कादंबरी असो, आत्मचरित्र असो की दिवाळी अंकातली एखादी कथा, अशी एक गोष्ट सांगा. आजच्या आवडीचा माग तिथून काढावा लागतो.