चुकून गेलेला मेल आणि नंतरची माफी

आमच्या लॅबमध्ये संशोधनाबरोबर बाहेरच्या कंपन्यांची कन्सल्टन्सीची कामंही येतात. पीएचडीला आलात की आज ना उद्या असं एखादं काम तुमच्याकडेही येईल, आणि क्लायंटला मेल लिहायची वेळही येईल. माझ्याकडून अशाच एका प्रोजेक्टमध्ये अर्धवट, सरमिसळ झालेला मेल क्लायंटला गेला. त्यानंतर माफीचा मेल लिहिताना मला जे कळलं ते इथे मांडतेय. थोडक्यात सांगायचं तर, डेटा असलेला मेल चुकून गेला असेल तर माफीच्या मेलचं पहिलं काम माफी मागणं नसतं. समोरच्याला तो डेटा वापरण्यापासून थांबवणं हे असतं.

काम असं होतं. एका छोट्या अन्नप्रक्रिया युनिटच्या आवारात चार बोअर होत्या. त्यातल्या कुठल्या बोअरचं पाणी पिण्याच्या आणि प्रक्रियेच्या टाकीला जोडायचं, हे त्यांना ठरवायचं होतं. आम्ही आयसीपी-एमएसवर पाण्यातलं शिसं मोजत होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. मशीन मायक्रोग्रॅममध्ये वाचतं, त्यामुळे आमच्यासाठी ती मर्यादा १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर. बोअरचं पाणी जड होतं. इतके क्षार थेट मशीनमध्ये गेले की सिग्नल दबतो आणि कोनवर थर बसतो. म्हणून मी प्रत्येक नमुना पाच पट डायल्यूट केला होता. म्हणजे मशीनवर दिसणाऱ्या आकड्याला शेवटी ५ ने गुणायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी मेलचा मसुदा लिहीत होते. पत्ते आधीच भरले होते, ही पहिली चूक. तक्ता हाताने टाईप करताना एक्सेलच्या सवयीने Tab दाबलं. जीमेलच्या वेब खिडकीत मजकूर लिहिताना Tab दाबलं की कर्सर मजकुरातून उठून Send बटणावर जातो. मान खाली घालून टाईप करणाऱ्याला हे दिसत नाही. पुढचं Enter दाबलं आणि मेल गेला. Undo Send ची मुदत मी कधी बदललेली नव्हती, ती मुळात ५ सेकंदांचीच असते. काय झालं हे कळेपर्यंत ती संपली होती.

मेल इंग्रजीत होता. मराठीत तो साधारण असा दिसेल:

नमस्कार सर, बोअरच्या पाण्यातल्या शिशाचे प्राथमिक
बोअर – शिसं (मिलिग्रॅम/लिटर)
बी-१ – ०.०
बी-२ – ०.६
बी-३ – २.६
बी-४ – ०.९
१.१
x५?? सरांना विचार. ब्लँक का

दिसायला नुसता गबाळा मेल. मला आधी वाटलं, "आधीचा मेल दुर्लक्षित करा, सॉरी" अशी एक ओळ पाठवली की झालं. पण सरांना सांगायला गेले तेव्हा ते म्हणाले, "एखादा हुशार माणूस यातून काय अर्थ काढेल ते आधी बघ." आम्ही दोघांनी बसून ते पाहिलं.

त्या तक्त्यात तीन चुका होत्या. एक, एकक चुकीचं होतं. आकडे मायक्रोग्रॅमचे आणि शीर्षकात मिलिग्रॅम. दोन, आकड्यांना ५ ने गुणलेलं नव्हतं. तीन, मशीनच्या यादीत पहिली ओळ ब्लँकची असते, ती मी काढली नव्हती. त्यामुळे सगळे आकडे एक घर खाली सरकले होते. बी-१ समोर ब्लँकचा आकडा, बी-२ समोर बी-१ चा, आणि बी-४ चा १.१ नावाशिवाय लोंबकळत होता.

आता वाचणारा काय करेल? जो तक्ता आहे तसाच वाचेल त्याला बी-३ मध्ये मर्यादेच्या २६० पट शिसं दिसेल आणि तो घाबरेल. थोडी माहिती असणारा म्हणेल, बोअरच्या पाण्यात इतकं कसं असेल, हे मायक्रोग्रॅम असणार. मग त्याच्या हिशेबाने सगळे आकडे १० च्या खाली, म्हणजे चारही बोअर सुरक्षित. आणि आणखी जाणकार असेल तर तो खालचं "x५" पाहून गुणाकार करेल. त्याला बी-३ मध्ये १३ मिळेल आणि तो बी-३ बंद करेल.

प्रत्यक्षात १३ हा बी-२ चा आकडा होता. म्हणजे तीन वाचक, तीन वेगवेगळे निष्कर्ष आणि तिन्ही चुकीचे. त्यातला सगळ्यात जाणकार माणूस चांगली बोअर बंद करून नको ती चालू ठेवणार होता. म्हणूनच "सॉरी, दुर्लक्ष करा" पुरत नाही. विस्कटलेला डेटा लोक टाकून देत नाहीत, ते तो मनातल्या मनात दुरुस्त करतात.

मेलच्या आधी फोन केला, सरांच्या समोरच. क्वालिटी बघणारे गृहस्थ म्हणाले, "अहो मॅडम, मी आत्ताच तीन नंबरची बंद करायला सांगितलं, उद्या सकाळी दोन नंबर जोडणार होतो." मेल जाऊन वीस मिनिटंही झाली नव्हती. फोनवर सरांनी एवढंच सांगितलं की तूर्त दोन नंबर जोडू नका, लेखी लगेच पाठवतो.

मग जो मेल गेला, त्याचं मराठी देतेय:

"नमस्कार सर,

आज संध्याकाळी ५.५२ ला माझ्याकडून आलेला मेल कृपया कुठल्याही निर्णयासाठी वापरू नये. तो अपूर्ण मसुदा होता आणि माझ्याकडून चुकून पाठवला गेला.

त्यातल्या तक्त्यात तीन चुका आहेत: एकक चुकीचं आहे, डायल्यूशनचा गुणाकार केलेला नाही, आणि आकडे एक ओळ सरकल्यामुळे बोअरची नावं जुळत नाहीत. त्यामुळे ते आकडे स्वतः दुरुस्त करूनही वापरू नयेत, ही विनंती.

बी-२ मधलं शिसं मर्यादेपेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे. पडताळणी होईपर्यंत सावधगिरी म्हणून बी-२ टाकीला जोडू नये. चारही बोअरचे तपासलेले आकडे उद्या, शनिवारी, दुपारी २ पर्यंत पाठवते.

तो मेल आपल्याकडून पुढे कुणाला गेला असेल तर हा मेलही त्यांना पाठवावा. त्या मेलवरून आधीच काही बदल केला असेल तर कृपया कळवावं.

माझ्या चुकीमुळे आपली धावपळ झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागते."

यात माफी शेवटी आहे आणि एकदाच आहे, हे लक्षात घ्या. पहिल्या ओळीत कुठला मेल ते वेळेसकट लिहिलंय, कारण त्याच दिवशी आमचे आणखी दोन मेल त्यांच्याकडे गेले होते आणि ते बरोबर होते. चूक कशी झाली याला अर्धं वाक्य दिलंय. Tab आणि Enter ची कहाणी क्लायंटच्या कामाची नाही, आणि ती लिहिली की दोष कीबोर्डवर ढकलल्यासारखं वाचलं जातं.

बी-२ ची ओळ घालावी की नाही यावर मात्र आम्ही थोडं अडलो. पडताळणी न झालेलं काही पाठवायचं नाही हा नियम आहे, आणि घाईत दुरुस्त तक्ता पाठवून त्यातही चूक निघाली तर आपल्यावर कोण विश्वास ठेवेल? पण प्रश्न पिण्याच्या पाण्याचा असताना गप्प बसणंही चुकीचंच. म्हणून आकडा दिला नाही, फक्त सावधगिरी सांगितली. आकडा थांबू शकतो, सावधगिरी थांबू शकत नाही.

हा मेल आम्ही त्याच मेलला Reply all करून पाठवला, विषयाची ओळ न बदलता. जीमेलमध्ये विषय बदलला की नवीन धागा सुरू होतो. मग जुना मेल एकटाच उरतो आणि दोन महिन्यांनी शोधणाऱ्याला तोच सापडतो. सीसीमधली सगळी माणसंही यायला हवीत. आऊटलुकमधल्या Recall वर भिस्त ठेवू नका. ते दोघांचीही मेलबॉक्स एकाच संस्थेच्या यंत्रणेत असेल तरच चालतं, बाहेरच्या क्लायंटपर्यंत पोचत नाही. आणि गेलेला मेल आपल्या Sent मधून पुसू नका. काय गेलं होतं याची ती एकमेव नोंद असते.

शनिवारी सकाळी मूळ बाटल्यांतून नमुने परत डायल्यूट केले, सोबत माहीत असलेल्या तीव्रतेचं चेक स्टँडर्ड चालवलं. लॅबमेटने मशीनच्या शीटवरून आकडे मोठ्याने वाचले, मी तक्त्यात टिक केले. दुपारी एकच्या सुमारास दुसरा मेल गेला. त्यात चुकीचा आणि बरोबर आकडा शेजारी शेजारी दिले, म्हणजे काय बदललं ते शोधत बसावं लागू नये:

बी-१ – आधी ०.० – आता ३.०
बी-२ – आधी ०.६ – आता १३
बी-३ – आधी २.६ – आता ४.५
बी-४ – आधी ०.९ – आता ५.५
(आताचे आकडे मायक्रोग्रॅम/लिटर, डायल्यूशन धरून, मर्यादा १०)

त्यांनी बी-३ परत चालू केली, बी-२ बाजूला ठेवली आणि तिचा नमुना महिन्याभराने पुन्हा द्यायचं ठरवलं. उत्तरात एकच ओळ होती: "वेळेत फोन केलात, बरं झालं."

एक गोष्ट वेगळी ठेवा. चुकून गेलेल्या मेलमध्ये दुसऱ्या क्लायंटचा डेटा असेल तर हा नमुना चालणार नाही. तिथे प्रश्न गोपनीयतेचा असतो. मेल पुसायची विनंती करावी लागते, ज्याचा डेटा गेला त्यालाही कळवावं लागतं, आणि हे विद्यार्थ्याने परस्पर करायचं नसतं, गाईडमार्फतच करायचं.

त्या दिवसापासून मी तीन सवयी लावल्यात. पत्ता सगळ्यात शेवटी भरते. Undo Send ३० सेकंदांवर ठेवलंय, त्याहून जास्त मिळत नाही. आणि तक्ता मेलमध्ये टाईप न करता शीटमध्येच पूर्ण करते. तिथे प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर एकक आणि डायल्यूशन लिहिलेलं असतं, आणि ब्लँकच्या ओळीला नाव दिलेलं असतं. तो तक्ता चुकून अर्धवट गेलाच, तरी निदान त्यातून चुकीची बोअर बंद होणार नाही.