दिवाळी सरकली की आकडे फसवतात

एखाद्या संशोधन सल्लागाराकडे तीन कापड दुकानांच्या विक्रीचे आकडे आले आहेत, असं समजा. त्यांतून व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरेल अशी छोटी पोस्ट त्याला करायची आहे. २०२३ च्या ऑक्टोबरची विक्री १०० धरली, तर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ती १४५ झालेली दिसते. 'कापडविक्री ४५ टक्क्यांनी वाढली' हा मथळा लगेच सुचतो आणि तो चुकीचा असतो.

आधी कॅलेंडर उघडायला हवं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, म्हणून दिवाळी लांबली आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला झालं. २०२४ मध्ये धनत्रयोदशीच २९ ऑक्टोबरला होती. म्हणजे आदल्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झालेली खरेदी या वर्षी ऑक्टोबरात उरकली. नोव्हेंबरचे आकडे पाहिले की हे स्पष्ट होतं: आदल्या वर्षी १५०, यंदा ११५. फक्त हाच महिना उचलला असता, तर 'विक्री २३ टक्क्यांनी घसरली' असंही कुणी छापलं असतं! दोन्ही महिने एकत्र केले की २५० चे २६० होतात. खरी वाढ ४ टक्क्यांची. त्याहून नेमकं हवं असेल, तर लक्ष्मीपूजनाआधीचे तीस दिवस दोन्ही वर्षी मोजावेत.

या ४ टक्क्यांनाही एक प्रश्न विचारावा लागतो: बिलं किती फाटली? रक्कम वाढली पण बिलांची संख्या तेवढीच राहिली, तर गिऱ्हाईक वाढलेलं नाही, फक्त दर बिलामागची रक्कम वाढली आहे. ती भाववाढीमुळेही असू शकते. दुकानदाराच्या दृष्टीने ही बातमी अगदी वेगळी आहे.

आता पोस्ट. तिच्यात एकच वाक्य असावं: 'दिवाळीच्या दोन महिन्यांत तीन दुकानांची विक्री ४ टक्क्यांनी वाढली.' खाली दोनच स्तंभ, शून्यापासून सुरू होणारे. अक्ष २४० पासून सुरू केला, तर २६० चा स्तंभ शेजारच्याच्या दुप्पट उंच दिसतो आणि वाचणारा आकडा न बघता उंचीच लक्षात ठेवतो. दुकानं किती, शहर कोणतं, महिने कोणते, हे चित्राच्या आतच लिहावं. पुढे पाठवताना चित्र जातं, त्याच्याखालचा मजकूर बहुधा मागे राहतो. 'तीन दुकानं' हे शब्द पुसले गेले, की तोच आकडा सगळ्या बाजाराचा म्हणून फिरू लागतो.

रुपये मात्र पोस्टमध्ये देऊ नयेत. आकडे देणाऱ्यांची परवानगी घेतलेली असली तरी, दुकानं तीनच असताना एकूण रक्कम छापली, तर त्यातून आपली विक्री वजा करून कुठल्याही दुकानदाराला उरलेल्या दोघांचा गल्ला मिळून किती, ते कळतं. दुकानं दोनच असती, तर शेजाऱ्याचा अचूक आकडाच हाती आला असता.