खोकला आला की डोक्यामागे कळ

न्यूरॉलॉजिस्टकडे पोचणारी ही कहाणी बहुतेक वेळा एकाच वळणाने जाते. समजा, छत्तीस वर्षांची एक शिक्षिका आहे. सर्दी झाली, खोकला लागला आणि प्रत्येक ठसक्यासरशी डोक्याच्या मागे, मान जिथे कवटीला मिळते तिथे, जोराची कळ उठू लागली. मिनिटभरात ती ओसरते, पण डोकं गच्च धरून बसावं लागतं. सर्दी गेली तरी कळ राहिली. शिंकताना, खळखळून हसताना, शौचाला जोर करताना, पाण्याची बादली उचलताना ती येते. रक्तदाब ठीक असतो. मानेच्या एक्स-रेत मणक्यांची थोडी झीज दिसते, म्हणून गळ्यात पट्टा बसतो. पट्ट्याने फरक पडत नाही.

इथे दुखणं किती जोराचं आहे यापेक्षा ते कशाने सुरू होतं आणि किती वेळ टिकतं, हे जास्त बोलकं असतं. मायग्रेन तासन्‌तास चालतं. ही कळ जोर केल्यावर लगेच येते आणि काही सेकंदांत किंवा फार तर पाचेक मिनिटांत जाते. चाळिशीनंतर अशी खोकल्याची डोकेदुखी मेंदूत काहीही दोष नसताना होऊ शकते. पण वय कमी असेल आणि कळ नेमकी मागच्या बाजूला असेल, तर कवटीच्या तळाकडे पाहावंच लागतं.

कवटीच्या तळाशी एक मोठं छिद्र असतं. मेंदूचा देठ त्यातून खाली उतरतो आणि त्याचाच पुढे मज्जारज्जू होतो. छिद्राच्या वरच्या खोलगट जागेत लहान मेंदू बसलेला असतो. काही जणांत ही हाडाची जागा जन्मापासूनच तोकडी राहते. मग लहान मेंदूची खालची टोकं, ज्यांना घशातल्या गाठींप्रमाणेच टॉन्सिल म्हणतात, छिद्रातून मानेत सरकतात. प्राग इथले ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी १८९१मध्ये या रचनेचं वर्णन केलं, म्हणून तिला कियारी विकृती, प्रकार १, म्हणतात.

खोकताना छाती-पोटातला दाब शिरांवाटे मणक्याच्या पोकळीत पोचतो आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी वर कवटीत ढकललं जातं. एरवी ते तितक्याच चटकन खाली परततं. इथे टॉन्सिल छिद्रात बुचासारखे बसलेले असतात. परतीची वाट अडते, वरचा दाब क्षणभर जास्त राहतो आणि टॉन्सिलांना आणखी खाली रेटतो. ब्रिटिश न्यूरोसर्जन बर्नार्ड विल्यम्स यांनी रुग्णांच्या डोक्यातला आणि पाठीतला दाब एकाच वेळी मोजून हा फरक दाखवला होता.

सीटी स्कॅन इथे फसवू शकतो. या भागातलं जाड हाड चित्रात पट्टे उमटवतं आणि आडव्या कापांत टोक किती खाली आलंय ते नीट कळत नाही. एमआरआयमध्ये डोक्याचा अगदी मधोमध उभा काप मिळतो. रेडिओलॉजिस्ट छिद्राच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत रेषा आखतो आणि टॉन्सिलचं टोक तिच्याखाली किती उतरलंय ते मोजतो. तीन मिलिमीटरपर्यंत चालतं. पाच किंवा जास्त असेल तर कियारी म्हणतात. आपल्या शिक्षिकेच्या चित्रात नऊ मिलिमीटर भरले. टोकं गोल नव्हती, निमुळती झाली होती. ज्या चित्रात पाणी पांढरं दिसतं, त्यात छिद्रामागची पांढरी पट्टी जवळपास पुसली गेली होती. हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून घेतलेल्या सिने एमआरआयत तिथला प्रवाहही मंदावलेला दिसला.

मात्र आकडा म्हणजे आजार नव्हे. सहा-सात मिलिमीटर असूनही कित्येकांना काहीच त्रास नसतो. त्यांना शस्त्रक्रियेची गरज नाही. उलट, पाठीत कुठेतरी पाणी गळून डोक्यातला दाब उतरला, तरी टॉन्सिल खाली आलेले दिसतात. तिथे डोकं उभं राहिल्यावर दुखतं आणि आडवं झाल्यावर थांबतं, आणि शिरेतून औषध देऊन केलेल्या एमआरआयत मेंदूची आवरणं उजळतात. अशा रुग्णाची कियारी समजून कवटी उघडली तर नुकसानच होतं. त्यामुळे अहवाल आणि रुग्णाचं बोलणं एकत्रच वाचायला हवं.

मानेचा एमआरआयही सोबत करावा लागतो, कारण अडलेल्या पाण्यामुळे मज्जारज्जूच्या आत पोकळी तयार होऊ शकते. तेव्हा हाताला स्पर्श कळतो, पण चटका कळत नाही. तव्याला बोट लागल्याचं फोड पाहून समजतं. शिक्षिकेच्या रज्जूत पोकळी नव्हती.

कळ रोजच्या जगण्याच्या आड येत असेल तर शस्त्रक्रिया सुचवतात. छिद्रामागचं थोडं हाड आणि पहिल्या मणक्याची मागची कमान काढतात, बहुधा आवरणालाही ठिगळ लावून जागा वाढवतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. अतुल गोयल यांनी मात्र मुळात पहिल्या दोन मणक्यांमधली अस्थिरता दोषी आहे, म्हणून ते सांधे पक्के करावेत, असं मांडलं. त्यावर सर्जनांमध्ये अजून एकमत नाही. खोकल्याची कळ मात्र जागा मोकळी केल्यावर बहुतेकांची थांबते. रज्जूत पोकळी होऊन गेलेली हाताची संवेदना तितक्या भरवशाने परत येत नाही, आणि म्हणून पहिल्या तपासणीतच डॉक्टर बोटांना गरम-थंड कळतंय का ते पाहतात.